पगाराची नोटीस आणि तिच्यातली तारीख

भोसरीच्या एमआयडीसीत मोटारींचे सुटे भाग करणारा एक कारखाना कल्पनेने डोळ्यासमोर आणू. पटावर १४० माणसे, दोन पाळ्या, गुरुवारची सुट्टी. जुलैच्या पगारापोटी लोकांच्या हाती पडायची एकूण रक्कम ३२ लाख रुपये आहे आणि ती ७ ऑगस्टपर्यंत खात्यांत जमा व्हायला हवी. पण ज्या मोठ्या ग्राहकाच्या कामावर अर्धा कारखाना चालतो, त्याचे ३१ जुलैला यायचे ३८ लाख आलेले नाहीत. तिथले अकाउंट्सवाले फोनवर ‘आठ-दहा तारखेपर्यंत बघतो’ एवढेच सांगतात. सोमवारी, ३ ऑगस्टला, ऑफिसात एक मसुदा तयार होतो: ‘सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की, काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव वेतन अदा करण्यास विलंब होत आहे. वेतन लवकरात लवकर अदा करण्यात येईल. आपण सर्व एकाच कुटुंबाचे सदस्य आहोत. तरी सर्वांनी सहकार्य करावे व अफवांवर विश्वास ठेवू नये. आदेशावरून, व्यवस्थापन.’

हा मसुदा वाईट हेतूने लिहिलेला नाही. लिहिणाऱ्याला कोणाला फसवायचे नाही, आणि घाबरवायचे तर मुळीच नाही. तरीही टाइम ऑफिसबाहेरच्या फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाजूने तो वाचून पाहा. त्याच्या घराचे भाडे पाच ते दहा तारखेच्या दरम्यान जाते, मोटारसायकलचा हप्ता दहा तारखेला खात्यातून आपोआप वळता होतो, गावी आईवडिलांना पैसे पाठवायचे असतात. त्याचे प्रश्न तीन आहेत: पैसे कधी मिळतील, किती मिळतील, आणि सांगितलेल्या दिवशी मिळाले नाहीत तर काय. मसुदा यांपैकी एकाचेही उत्तर देत नाही. उलट सहकार्य मागतो. अशी नोटीस सुधारायची म्हणजे तिची भाषा मऊ करायची, असा सर्वसाधारण समज आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. नोटीस सुधारण्याचे काम कागदावर सुरू होतच नाही, ते पैशांच्या हिशेबात सुरू होते. पाळता येईल अशी तारीख आधी काढावी लागते. ती एकदा हातात आली की खरेपणा आणि दिलासा या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी तिच्यामागून येतात. तारीखच नसेल तर भाषा कितीही घासूनपुसून घ्या, उपयोग नाही.

या म्हणण्याला विरोधही आहे आणि तो वजनदार आहे. म्हणून तो एका जबाबदार माणसाच्या तोंडून ऐकू. मसुदा करणारे अकाउंट्स मॅनेजर आणि तो फळ्यावर लावायला नकार देणाऱ्या एचआर अधिकारी, अशा दोघांचा हा संवाद आहे.

अकाउंट्स: मॅडम, तुम्ही म्हणता तारीख टाका. कुठली टाकू? ग्राहकाने मला तारीख दिलेली नाही, मग मी १४० जणांना कशी देऊ? दहा लिहिली आणि बारा झाली, तर अकरा तारखेला मीच खोटा ठरेन. ‘लवकरात लवकर’ हे निदान खोटे नाही. जे मला माहीत नाही ते मी लिहिलेले नाही. प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच ना?

एचआर: सर, ग्राहकाची तारीख तुम्हाला माहीत नाही हे खरे. पण आपण पगार कधी देऊ शकतो हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. तुम्ही दोन्हींचे उत्तर एकाच फोनवर टांगून ठेवले आहे. ते ३८ लाख या महिन्यात येणारच नाहीत असे क्षणभर धरा. मग आपल्याकडे काय काय आहे ते ओळीने सांगा. जे निघेल ते निघेल.

अकाउंट्स: वीजबिल आणि पीएफ-ईएसआयचे पैसे बाजूला काढले तर आज खात्यात १८ लाख आहेत. दुसऱ्या एका ग्राहकाचे ९ लाख १२ तारखेला यायचे आहेत. त्यांच्याकडून पेमेंटचा मेल आला आहे, आणि ते सहसा चुकत नाहीत. मालकांची ७ लाखांची ठेव आहे, पण ती भावाबरोबर जोडनावाने आहे. त्यांची सही होऊन ती मोडायला ११ तारीख उजाडेल. बँकेचे मॅनेजर ९ लाखांची तात्पुरती वाढीव मर्यादा द्यायला तयार आहेत, कागदपत्रांना आठवडा लागेल असे म्हणाले. पण तिच्यावर व्याज बसेल, म्हणून मी तो विषय पुढे नेला नाही.

एचआर: म्हणजे मोठ्या ग्राहकाचा एक रुपयाही न धरता १८, ७ आणि ९ मिळून ३४ लाख होतात, आणि आपल्याला हवेत ३२. बारा तारखेचे ९ लाख आलेच नाहीत तर त्यांची जागा बँकेची मर्यादा घेते. वाईटात वाईट धरले तरी १३ तारखेला रात्री पैसे हातात असतात. एक दिवस राखून १४ तारीख लिहा. व्याज जाईल म्हणता, ते जाऊ दे. ती त्या तारखेची किंमत आहे. एवढी किंमत मोजायची आपली तयारी नसेल, तर ‘सहकार्य करा’ म्हणण्याचाही अधिकार आपल्याला नाही.

या संवादातली मेख अशी की तारीख माहितीतून आली नाही, ती व्यवस्थेतून आली. पैशांच्या तीन प्रती असतात. खात्यात पडलेला पैसा, ज्याचा कागद हातात आहे असा पैसा, आणि फोनवरचा पैसा. नोटिशीतली तारीख पहिल्या दोन प्रतींवरच उभी करायची. दुसऱ्या प्रतीतले कोणतेही एक येणे चुकले तरी ती ढळू नये, यासाठी पर्याय आधी बांधून ठेवायचा, आणि तिसऱ्या प्रतीला हिशेबात शून्य धरायचे. मोठा ग्राहक खरोखरच दहा तारखेला पावला तर पगार आधी होईल, आणि आधी झालेल्या पगाराची तक्रार आजवर कोणी केलेली नाही. नोटिशीतली तारीख पुढे ढकलण्यापेक्षा आधी लांबची पण पक्की तारीख देणे केव्हाही बरे, कारण एकदा चुकलेल्या तारखेनंतर दुसरी तारीख कोणी वाचत नाही. जेट एअरवेजचे उदाहरण मुंबईकरांच्या आठवणीत असेल. २०१८ च्या सप्टेंबरात कंपनीने वैमानिक, इंजिनिअर आणि वरिष्ठ अधिकारी यांना पगार हप्त्यांत देण्याचे वेळापत्रक जाहीर केले आणि ते तिला पाळता आले नाही. पुढे १७ एप्रिल २०१९ ला उड्डाणेच थांबली. विमाने थांबण्याची कारणे अर्थातच फार मोठी होती. पण वेळापत्रक छापले म्हणून विश्वास टिकत नाही, ते पाळण्याचे पैसे आधी बाजूला काढावे लागतात, एवढे त्यातून दिसते.

अकाउंट्स: ठीक. १४ तारीख मान्य. पण मग सात तारखेला काहीच न देता १४ ला सगळे एकदम देऊ. हिशेब सोपा, नोंदी सोप्या. अर्धवट वाटले की लोक म्हणतात, ‘पैसे आहेत तर पूर्ण का देत नाही?’

एचआर: खात्यात १८ लाख असताना सात तारखेला शून्य द्यायचे, हे कोणाला पटेल? आणि दिलेच तर कसे द्यायचे तेही ठरवावे लागेल. सगळ्यांना अर्धा पगार दिला तर १६ लाख जातात. पण १५ हजारवाल्याच्या हातात साडेसात हजार पडतील आणि त्यात भाडे, किराणा काहीच धड होणार नाही. ४० हजारवाल्याला मात्र २० हजार मिळतील. त्यापेक्षा प्रत्येकाला सरसकट १२ हजार द्या. १४० जणांचे १६ लाख ८० हजार होतात. १५ हजारवाल्याचा बहुतेक पगार झाला, त्याचे तीन हजारच राहिले. ४० हजारवाल्याचे २८ हजार राहतात, पण आठवडाभर थांबण्याची ताकद त्याच्याकडे थोडी जास्त असते. आपण दोघे त्याच गटात आहोत, हेही लोकांना दिसू द्या.

अकाउंट्स: आणि उरलेले १ लाख २० हजार?

एचआर: ते अडचणीच्या उचलीसाठी ठेवा. कोणाचा १० तारखेचा हप्ता आहे, कोणाची मुलाची फी आहे, कोणाच्या घरी दवाखाना आहे. उरलेल्या पगारातूनच त्यांना थोडे आधी द्यायचे. जादा काही नाही. शिवाय ७ ते १४ च्या दरम्यान आपल्या उशिरामुळे कोणाचा हप्ता परत गेला आणि बँकेने दंड कापला, तर स्टेटमेंट दाखवल्यावर तो दंड कंपनी भरेल. दंड काही शे रुपयांचा असतो, पण तो त्याने का भरायचा?

दिलासा कशाला म्हणायचे ते या जागी स्पष्ट होते. ‘काळजी करू नका’ हे वाक्य दिलासा देत नाही, कारण काळजीचे कारण त्याने जागचे हलत नाही. दहा तारखेच्या हप्त्याला उचल मिळेल आणि हप्ता परत गेलाच तर दंड कंपनी भरेल, या दोन ओळींनी ते हलते. मूळ मसुद्यातली ‘एकाच कुटुंबाचे सदस्य’ ही ओळ म्हणूनच काढून टाकण्याजोगी आहे. तिच्यात उबदारपणा आहे, पण तो पगार थांबलेल्या दिवशीच आठवला, आणि वाचणाऱ्याला नेमके तेच टोचते. ‘अफवांवर विश्वास ठेवू नये’ ही ओळही तशीच आहे. तारीख, रक्कम आणि कारण सांगितले तर अफवेला जागा उरत नाही. ते सांगायचे नसेल तर मनाई करून ती थांबत नाही. कच्च्या मालाची गाडी दोन दिवस आली नाही हे स्टोअरवाल्याला दिसते, पुरवठादाराचे फोन कोणी उचलत नाही हे टेलिफोनवर बसणाऱ्या मुलीला कळते. कॅन्टीनमध्ये या दोन गोष्टींची बेरीज व्हायला एक चहा पुरतो.

अकाउंट्स: कारण लिहिण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. ‘तांत्रिक कारण’ राहू दे. ग्राहकाने पैसे थकवले असे लिहिले तर तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवरून तासाभरात त्यांच्या परचेसवाल्याकडे पोचेल. लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज द्यावे, असा २००६ चा कायदा आहे. मला तो पाठ आहे. पण आपल्या ओळखीत तो दाखवून पुढची ऑर्डर टिकवलेला कोणी मला दाखवा. शिवाय बँक आहे, पुरवठादार आहेत. कंपनी अडचणीत आहे असे कळले की ते रोख मागायला लागतील. आणि आपले सीएनसीचे चांगले ऑपरेटर शेजारच्या गेटवर अर्ज घेऊन उभे राहतील.

एचआर: ग्राहकाचे नाव लिहू नये, हे मला पूर्ण मान्य. ते कामगाराला लागतही नाही. पण ‘तांत्रिक’ लिहिले तर ते खोटे आहे आणि ते खोटे आहे हे सगळ्यांना कळेल. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, सुट्टीच्या दिवशीही. आरटीजीएसही डिसेंबर २०२० पासून तसेच. आपला प्रत्येक हेल्पर रात्री अकराला मोबाइलवरून गावी पैसे पाठवतो. त्याला आपण बँकेची तांत्रिक अडचण सांगणार? एक गोष्ट खोटी निघाली की १४ तारीखही त्याच हिशेबात जाते. ‘एका ग्राहकाकडून जुलैअखेर यायची मोठी रक्कम वेळेवर आली नाही’ एवढे लिहा. ते खरे आहे, पुरेसे आहे, आणि कोणाकडे बोट दाखवत नाही. ऑपरेटरचे म्हणाल, तर जायचा विचार तो पगार थांबला म्हणून करेल हे खरे. पण आज अर्ज टाकायचा की आठवडाभर थांबायचे, हे तो आपल्याकडे काय सोय आहे ते बघून ठरवेल. काहीच सांगितले नाही तर तो वाईटच धरून चालेल. मीही तेच करेन.

अकाउंट्स: मग कायद्याचे बघा. उशीर झाला असे सहीनिशी लिहून देणे म्हणजे आपणच पुरावा तयार करून देणे. वेतन संहितेत दाव्याच्या रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार आहे. वकील विचारतील, एवढे कोणी लिहायला सांगितले होते?

या शेवटच्या आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवे, कारण बहुतेक गुळगुळीत नोटिशींच्या मुळाशी हीच भीती असते. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याची सातवी तारीख संपायच्या आत दिला पाहिजे, असे ती सांगते. आधीच्या १९३६ च्या कायद्यातही एक हजारापेक्षा कमी माणसांच्या कारखान्याला सातच तारीख होती. पण त्या कायद्याचे संरक्षण शेवटी-शेवटी महिना २४ हजारांपर्यंतच्या पगाराला होते, संहितेत ती मर्यादा राहिलेली नाही. तेव्हा सात तारखेनंतरचा प्रत्येक दिवस हा उशीरच आहे, नोटिशीत लिहा किंवा लिहू नका. तो सिद्ध करायला नोटिशीची गरजही लागत नाही. प्रत्येकाच्या खात्यात रक्कम कोणत्या दिवशी पडली हे बँकेच्या पासबुकात लिहिलेले असते. पुरावा आधीच १४० पासबुकांत आहे, त्यात नोटिशीने भर पडते ती इतकीच की मालकाने वेळेवर कळवले, जितके होते तितके दिले आणि बाकीची सोय केली. कोणी तक्रार केलीच तर हा कागद मालकाच्या विरुद्ध जाण्यापेक्षा त्याच्या कामी येण्याची शक्यता जास्त. याचा अर्थ नोटीस दिली की उशीर माफ झाला असा मात्र नाही. १२ हजार देऊन उरलेल्या रकमेची मुदत वाढत नाही. ‘आमची हरकत नाही’ अशा सह्या गोळा करण्याची जी पद्धत काही ठिकाणी दिसते, तिने तर काहीच साधत नाही, कारण कायद्याने मिळणाऱ्या पैशांवरचा हक्क करार करून सोडता येत नाही. म्हणून नोटिशीत संमती मागू नये आणि कायद्याचा धाकही घालू नये. तिचे काम कळवण्याचे आहे.

अकाउंट्स: सगळे मान्य केले तरी एक उरते. दिलगिरी. मालक म्हणतील, चूक ग्राहकाची आणि माफी मी मागू?

एचआर: कामगाराने जुलैभर काम केले ते आपल्या गेटच्या आत, ग्राहकाच्या नाही. ग्राहकाचे पैसे उशिरा येण्याचा धोका धंद्यात धरलेलाच असतो, आणि तो धरण्याचे काम मालकाचे. एक साधे वाक्य पुरे. पण सही ‘व्यवस्थापन’ची नको, मालकांची हवी. आणि नोटीस उद्या, मंगळवारी लावू. बुधवारी लोकांना विचारायला एक दिवस मिळेल. बुधवारी संध्याकाळी लावली तर मधे गुरुवारची सुट्टी येते. लोक घरी बसून अंदाज बांधतील आणि शुक्रवारी सकाळी थेट गेटवर जमतील. सुपरवायझरना तासभर आधी बोलावून सांगू, नाहीतर प्रश्न आधी त्यांच्याकडे येतील आणि ते ‘मला माहीत नाही’ म्हणतील. मराठीबरोबर हिंदीतही लावू, आपली निम्मी रात्रपाळी उत्तरेकडची आहे.

दोघांच्या बोलण्यातून मंगळवारी जो कागद निघतो तो असा:

*जुलैचा पगार. मंगळवार, ४ ऑगस्ट.*

*जुलैचा पूर्ण पगार ७ ऑगस्टला देता येणार नाही. तो दोन भागांत मिळेल.*

*शुक्रवार, ७ ऑगस्ट, संध्याकाळी ६ पर्यंत: प्रत्येकाच्या खात्यात १२,००० रुपये.*

*शुक्रवार, १४ ऑगस्ट, संध्याकाळी ६ पर्यंत: ओव्हरटाइम धरून उरलेली सगळी रक्कम. पैसे आधी आले तर आधी देऊ.*

*एका ग्राहकाकडून जुलैअखेर यायची मोठी रक्कम वेळेवर आली नाही, म्हणून हा उशीर होत आहे. १४ तारखेचा पगार त्या रकमेवर अवलंबून नाही. त्याची सोय दुसऱ्या जमेतून, मालकांच्या ठेवीतून आणि गरज पडल्यास बँकेकडून केली आहे. उशिरामुळे कोणाच्याही पगारातून काही कापले जाणार नाही. पीएफ आणि ईएसआयचा भरणा नेहमीप्रमाणे १५ तारखेच्या आत होईल.*

*७ ते १४ च्या दरम्यान ज्यांचा कर्जाचा हप्ता, फी किंवा दवाखान्याचा खर्च आहे त्यांनी बुधवारी संध्याकाळपर्यंत अकाउंट्समध्ये सांगावे. उरलेल्या पगारातून उचल देऊ. या उशिरामुळे हप्ता परत गेल्यास बँकेचा दंड कंपनी भरेल.*

*मंगळवार, ११ ऑगस्टला दुपारी पाळी बदलताना मी स्वतः येऊन पैसे कुठवर आले ते सांगेन. तुम्ही काम वेळेवर केले, पगार वेळेवर देणे आमच्याकडून झाले नाही, याबद्दल मी दिलगीर आहे.*

*(मालकांची सही)*

मूळ मसुद्यापेक्षा हा कागद कितीतरी लांब आहे. त्यावरही आक्षेप घेता येईल की फळ्यासमोर उभा राहून एवढे कोण वाचणार. पण ज्याच्या पगाराचा प्रश्न आहे तो माणूस वाचतो. शिवाय पहिल्या तीन ओळींत कधी आणि किती हे येऊन गेलेले असते. तिथे थांबणाऱ्यालाही मुख्य ते कळते, पुढचे ज्याला लागेल तो वाचेल. क्रमही ठरवून ठेवला आहे. आधी नकार, मग तारखा आणि रकमा, मग कारण, मग सोय, आणि दिलगिरी सगळ्यात शेवटी. कारणाने सुरुवात केली की वाचणाऱ्याला सबबीचा वास येतो. दिलगिरीने सुरुवात केली की पुढे वाईट काय आहे या धास्तीने तो बाकीचे नीट वाचत नाही. पीएफची ओळ अकाउंट्सवाल्यांना अनावश्यक वाटेल, पण पगार थांबला की लोकांच्या मनात पुढची शंका हीच येते, आणि भरणा झाला की नाही हे त्यांना आपापल्या पीएफ पासबुकात बघता येते. म्हणूनच ते पैसे पगाराला वापरण्याचा मोह आधीच हिशेबात बाजूला ठेवला होता.

आणि ११ तारखेला मालकांना पाळी बदलताना उभे राहून सांगावे लागले की बारा तारखेचे ९ लाखही अडले आहेत, तर? तर बँकेची मर्यादा वापरायची. तिचे कागद ४ तारखेलाच पाठवलेले असले पाहिजेत, ११ ला नाही. ‘आठवडा लागेल’ हे बँकेने आधीच सांगितले आहे. अशा नोटिशी मोडतात त्या बहुधा इथेच. तारीख लिहिली जाते, पण तिच्यामागचा पर्याय उद्यावर राहतो. बँकेनेही नकार दिला, तर तो कळला त्याच दिवशी, १४ उजाडायची वाट न बघता, दुसरी नोटीस लावायची. हातात जे आहे त्यातून लहान पगार पूर्ण करायचे आणि कोणाचे किती राहिले ते माणसागणिक लेखी द्यायचे. तारीख चुकते आहे हे तारखेच्या आधी सांगणारा मालक आणि तारीख उलटल्यावर केबिनचे दार लावून घेणारा मालक यांत लोक बरोबर फरक करतात.

या पद्धतीची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. आपल्या कारखान्याचे येणे अडले आहे, पण धंदा चालू आहे. ३४ लाख जमवता येतात. जिथे हिशेब मांडल्यावर कुठल्याच तारखेला बेरीज पूर्ण होत नाही, तिथे कसलीही नोटीस दिलासा देऊ शकत नाही आणि देण्याचा प्रयत्नही करू नये. अशा ठिकाणी ओढूनताणून तारीख टाकणे हे मूळच्या ‘लवकरात लवकर’पेक्षा जास्त घातक, कारण तिच्या भरवशावर माणूस दुसरी नोकरी शोधायचे थांबतो आणि आणखी एक महिना फुकट राबतो. तिथे आज देता येते तेवढे द्यावे, उरलेल्याचा भरवसा नाही हे सांगावे, आणि पुढच्या महिन्याचे काम त्या अटीवर करायचे की नाही हे त्याला ठरवू द्यावे. अकाउंट्स मॅनेजरांचा पहिला प्रश्न, ‘मला माहीत नाही ते मी कसे लिहू’, हा त्या प्रसंगी अगदी खरा ठरतो. फक्त तो प्रश्न विचारायचा हक्क हिशेब पूर्ण मांडून झाल्यावर मिळतो. भोसरीच्या या कारखान्यात तो मांडायला सोमवारची एक दुपार पुरली, आणि मांडल्यावर दिसले की तारीख आधीपासूनच होती, ती पाळण्यासाठी मोजावी लागणारी किंमत मोजायचे कोणी ठरवले नव्हते.